अंदाज चुकला तरी सरासरी चुकत नाही

दहावीच्या बीजगणितात, सांख्यिकीच्या धड्यात, गृहीतमध्य पद्धत येते. मधला एखादा आकडा मनाने धरायचा, विचलनं काढायची, वारंवारतेनं गुणायची, बेरजेला एकूण वारंवारतेनं भागायचं आणि येईल ते धरलेल्या आकड्यात मिळवायचं. रीत पाठ होते, गुणही मिळतात. पण मनाने धरलेल्या आकड्यातून खरी सरासरी निघते कशी, हे कळलं तर रीत पाठ करावीच लागत नाही.

समजा, एखाद्या बाजार समितीत सकाळच्या लिलावात कांद्याच्या ५० ट्रॉल्या विकल्या गेल्या. क्विंटलला १००० ते १२०० रुपये भाव मिळालेल्या ६ ट्रॉल्या, १२०० ते १४०० च्या १४, १४०० ते १६०० च्या १६, १६०० ते १८०० च्या १० आणि १८०० ते २००० च्या ४. प्रत्येक ट्रॉलीचा नेमका भाव आपल्याकडे नाही, म्हणून गटातल्या सगळ्यांना वर्गमध्याचा भाव मिळाला असं मानू: ११००, १३००, १५००, १७००, १९००.

सरळ पद्धतीनं ११०० गुणिले ६, १३०० गुणिले १४ असं करत गेलं की बेरीज ७३,४०० होते. तिला ५० नं भागलं की सरासरी भाव १४६८ रुपये. आता हेच गृहीतमध्य १५०० धरून करू. विचलनं होतात −४००, −२००, ०, २०० आणि ४००. ट्रॉल्यांच्या संख्येनं गुणल्यावर −२४००, −२८००, ०, २००० आणि १६००. बेरीज −१६००, भागिले ५०, म्हणजे −३२. १५०० मधून ३२ गेले, १४६८ उरले.

हे −१६०० म्हणजे काय, यातच सगळं आहे. सगळ्या भावांची खरी बेरीज ७३,४००. प्रत्येक ट्रॉलीला १५०० मिळाले असते तर ती ७५,००० झाली असती. −१६०० हा या दोहोंतला फरक आहे. तो ५० ट्रॉल्यांवर सारखा वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला ३२ रुपयांची तूट येते. आपला अंदाज दर ट्रॉलीमागे तेवढाच जास्त होता. अंदाज १३०० धरला असता तर बेरीज +८४०० आली असती, ट्रॉलीमागे १६८ रुपये कमी पडले असते आणि १३०० अधिक १६८ म्हणजे पुन्हा १४६८च. चांगल्या अंदाजानं आकडेमोड हलकी होते, उत्तर बदलत नाही.

आता अंदाज एकेक रुपयानं खाली आणत जा. प्रत्येक रुपयाला सगळ्या ५० विचलनांत एकेक रुपयाची भर पडते, म्हणून बेरीज ५० नं वाढते. १५०० वर ती −१६०० होती. ३२ रुपये खाली उतरलं की ती शून्य होते, आणि तिथेच १४६८ आहे. सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज शून्य येते ती अशी. सरासरी म्हणजे असा एकच भाव, जो सगळ्यांना दिला तरी एकूण बेरीज तीच राहते. मग वर असलेल्यांचं जेवढं जास्त, तेवढंच खाली असलेल्यांचं कमी असणार. आपल्या उदाहरणात खालच्या दोन गटांची मिळून तूट ४५६० आणि वरच्या तीन गटांची मिळून वाढही बरोबर ४५६०.

हे शून्य ताळा म्हणून फार उपयोगी आहे. परीक्षेतली नेहमीची चूक म्हणजे ३२ वजा करण्याऐवजी मिळवणं. उत्तर १५३२ येतं आणि दिसायला अगदी पटण्यासारखं असतं. पण त्याभोवतीची विचलनं मोजली की बेरीज −३२०० येते, शून्य नाही. चूक पकडली गेली. मात्र ताळा घेताना विचलनं वारंवारतेनं गुणायला विसरू नका. १४६८ पासूनची पाच विचलनं नुसतीच मिळवली तर १६० येतात आणि बरोबर उत्तरही चुकीचं वाटू लागतं. सरासरी १४७० अशी गोळाबेरीज करून घेतली तर बेरीज −१०० येईल. तो दोष रीतीचा नाही, दर ट्रॉलीमागे सोडलेल्या दोन रुपयांचा आहे.

या शून्यामुळे एक अडचणही येते. भाव किती विखुरलेले आहेत हे विचलनांच्या सरासरीवरून कळत नाही, कारण ती नेहमी शून्यच. म्हणून प्रमाण विचलन काढताना आधी विचलनांचे वर्ग करतात, म्हणजे वजा चिन्हं उरत नाहीत.

आणि ताळा जुळला म्हणून सगळं बरोबर ठरत नाही. १४०० ते १६०० च्या गटातल्या बहुतेक ट्रॉल्या प्रत्यक्षात १४२०च्या आसपास गेल्या असतील, तर १५०० हा वर्गमध्यच फसवा आहे, तरीही बेरीज शून्यच येईल. शिवाय हा ट्रॉलीमागचा भाव आहे. ट्रॉल्यांत माल कमीजास्त असेल आणि क्विंटलमागची सरासरी हवी असेल, तर वारंवारता म्हणून ट्रॉल्या नव्हे, क्विंटल घ्यावे लागतील. आकडेमोड बरोबर आहे एवढंच शून्य सांगतं. तक्ता कसा तयार झाला, हे वेगळं तपासावं लागतं.