नेटवर्कच्या केबलवर चालणारे दिवे

ऑफिसच्या फॉल्स सीलिंगमधला दोन बाय दोन फुटांचा एलईडी पॅनल खाली काढला, की त्याच्या पाठीला चिकटलेली एक छोटी डबी दिसते. हा ड्रायव्हर. एलईडी मुळात डीसीवर चालते, म्हणून 230 व्होल्टच्या एसीचे डीसी करण्याचे काम ही डबी करते. शंभर दिव्यांमागे अशा शंभर डब्या. हे रूपांतर एकाच ठिकाणी उरकून पुढे डीसीच नेली तर? आपल्याकडे आयआयटी मद्रासने 48 व्होल्टच्या डीसी वायरिंगचा पाठपुरावा केला तो याच विचाराने. ऑफिसांत मात्र दुसरी एक वाट जास्त रुळली: संगणकाला इंटरनेट देणाऱ्या केबलमधूनच दिव्याला वीज, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. अॅमस्टरडॅमच्या ‘द एज’ या इमारतीत फिलिप्सने हजारो दिवे असेच जोडले.

यात नेटवर्कचा स्विच सुमारे 53 व्होल्ट डीसी सोडतो, पण लगेच नाही. आधी तो केबलवर अगदी कमी व्होल्टेज टाकून पलीकडे ठरावीक 25 किलोओहमचा रोध आहे का, ते तपासतो. मग दिवा आपला वर्ग सांगतो आणि त्यानंतरच खरी वीज सुरू होते. त्यामुळे केबलचे मोकळे टोक हाताला लागले तरी झटका बसत नाही. पॅनल बदलायला मेन बंद करावा लागत नाही, आणि हे काम करणाऱ्यांना हीच सोय सगळ्यात जास्त आवडते.

मर्यादा सुरू होतात त्या केबलपाशी. 2018 च्या मानकाप्रमाणे स्विच एका केबलवर जास्तीत जास्त 90 वॅट देतो, पण 100 मीटरच्या शेवटी 71.3 वॅटच मिळतील असे धरले जाते. उरलेले 18.7 वॅट तांब्यात उष्णता होऊन जातात. प्रवाह दुप्पट झाला की हा तोटा चौपट होतो. म्हणूनच दिव्यांसाठी 24 ऐवजी पन्नासेक व्होल्ट निवडतात.

आता एक साधा मजला घेऊ. त्यावर 36 वॅटचे पॅनल आहेत आणि 24 पोर्टचा, 740 वॅट क्षमतेचा स्विच. केबल 100 मीटर असेल तर एका दिव्यामागे साडेतीन वॅट वाया जातात, 30 मीटर असेल तर जेमतेम एक. म्हणजे 40 वॅटच्या आतच भागते. पण बरेच स्विच प्रत्यक्ष वापर न बघता दिव्याने सांगितलेल्या वर्गाप्रमाणे वीज राखून ठेवतात, आणि 36 वॅटचा दिवा 45 वॅटच्या वर्गात बसतो. 740 ला 45 ने भागले की 16 दिवे. सतरावा लागतच नाही, आणि माणसे केबल बदलत बसतात! स्विच घेताना पोर्ट मोजून चालत नाही, वॅट मोजावे लागतात.

दुसरी अडचण जुडीची. केबल ट्रेमध्ये टाय मारून घट्ट बांधलेल्या केबली एकमेकींना तापवतात. 36 वॅटच्या दिव्यांच्या 24 केबलींच्या जुडीत मीटरमागे वॅटभरही उष्णता होत नाही. त्याच जुडीत प्रत्येक केबलवर 90 वॅट सोडले, तर आकडा साडेचार वॅटवर जातो. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के वाढतो, म्हणजे तापलेली केबल आणखी तापते. बंद छतात हवा खेळत नाही, त्यामुळे 24 हून मोठी जुडी बांधायची नाही हा संकेत पाळलेला बरा.

खरा घात करते ती स्वस्त केबल. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा बाजारात सर्रास मिळतात आणि त्यांचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. आपल्या उदाहरणात 100 मीटरवरचा तोटा साडेतीनवरून सहा वॅटच्या आसपास जातो. दिवा तरीही लागतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. सांध्याशी तापणारा प्लग, अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होणारा दिवा ही लक्षणे बऱ्याच काळाने दिसतात. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा रंग उघडा पडतो.

वीजबचतीचे म्हणाल, तर ती मुख्यतः सेन्सरांमुळे होते: कुणी नसेल तिथे दिवे मंद होतात. नुसत्या डीसीमुळे बिलात फार फरक पडत नाही, कारण स्विचमध्ये एसीचे डीसी करताना तोटा होतोच. चांगले वायरिंग असलेले जुने ऑफिस केवळ यासाठी उखडू नये. नवीन बांधकाम असेल, तर छत बंद होण्याआधी एक चाचणी आग्रहाने करून घ्या. केबलच्या 305 मीटरच्या नव्या पेटीतली कुठलीही एक जोडी एका टोकाला एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. आकडा 57 ओहमच्या वर गेला तर पेटी परत पाठवा.