चिठ्ठीवरचं ‘बीडी’

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘ओडी’ म्हणजे एकदा. ‘1-0-1’ असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच. पण दिवसात जास्तीत जास्त किती, ते विचारूनच घ्यावं.

खरा घोळ होतो तो संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटचा. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घाईत खरडलेलं ‘ओडब्ल्यू’ कुणी ‘ओडी’ वाचलं, की ती रोज पोटात जाते. तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जिवावर बेततं. अक्षर लागेना, किंवा डॉक्टर बोलले एक आणि चिठ्ठीत दिसतंय दुसरंच, तर फार्मासिस्टला विचारा. त्यालाही शंका असेल, तर त्याने डॉक्टरांना फोन करावा. गोळीचा वार मात्र पाकिटावर मराठीत लिहून घ्या.