मेल आल्याची वर्दी

निफाडजवळच्या एका शीतगृहात द्राक्षांच्या पेट्या शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. तिथला तापमान कंट्रोलर जुना आहे. खोलीचं तापमान मर्यादेच्या वर गेलं की तो एक ईमेल पाठवतो. त्यापलीकडे त्याला काही येत नाही. रात्री अडीच वाजता ईमेल कोण उघडून बघणार? म्हणून मालक मला म्हणाले, "सर, मेल आला की वॉचमनच्या खोलीत भोंगा वाजला पाहिजे. मिनिटाच्या आत." इनबॉक्सवर लक्ष ठेवणारी एक स्क्रिप्ट आणि भोंग्याचा रिले चालू करणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर, एवढंच काम होतं. पण मेल आलाय हे त्या स्क्रिप्टला कळणार कसं, इथे खरी गोम होती.

सरळ उपाय पोलिंगचा. ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जायचं, लॉगिन करायचं, नवं काही आहे का विचारायचं आणि परत यायचं. दर पाच मिनिटांनी गेलं तर दिवसाला २८८ खेपा होतात. उशीर सरासरी अडीच मिनिटांचा, नशीब वाईट असेल तर पाच मिनिटांचा. मिनिटाच्या आत हवं म्हणून दर ३० सेकंदांनी जायचं ठरवलं, तर दिवसाला २,८८० लॉगिन होतात. प्रत्येक वेळी नवी जोडणी, नवी सुरक्षित बोलणी, पुन्हा पासवर्ड. बऱ्याच मेलसेवांना इतकी लॉगिन खपत नाहीत, त्या खात्याला काही काळ अडवतात.

याला मधला मार्ग आहे. लॉगिन एकदाच करून जोडणी उघडी ठेवायची आणि तिच्यावरून दर ३० सेकंदांनी NOOP ही आज्ञा पाठवायची. या आज्ञेत काम काहीच नसतं, पण उत्तर देताना नवा मेल आला असेल तर सर्व्हर तेही सांगतो. हेही पोलिंगच, फक्त दार पुन्हा पुन्हा ठोठवावं लागत नाही.

दुसरा उपाय IDLE. आयमॅप या मेल वाचण्याच्या नियमावलीत ही आज्ञा १९९७ मध्ये आली. स्क्रिप्ट सर्व्हरला सांगते, "मी लाइनवर थांबते, काही आलं तर तूच सांग." मेल पेटीत पडला की सहसा सेकंद-दोन सेकंदांत वर्दी येते. संवाद असा चालतो (C म्हणजे स्क्रिप्ट, S म्हणजे सर्व्हर):

```
C: A7 IDLE
S: + idling
S: * 413 EXISTS
C: DONE
S: A7 OK IDLE terminated
C: A8 UID SEARCH UID 9052:*
S: * SEARCH 9052
S: A8 OK SEARCH completed
```

यातला ४१३ हा त्या मेलचा क्रमांक नव्हे. पेटीत आता एकूण ४१३ मेल आहेत, एवढंच सर्व्हर सांगतोय. मेल कोणता, कोणाचा, हे DONE म्हणून बाहेर आल्यावर आपण विचारायचं असतं. म्हणजे IDLE नुसती घंटा वाजवतो, पत्र हातात देत नाही.

मी IDLE निवडला. पहिल्या चाचणीत दोन सेकंदांत भोंगा वाजला आणि मालक खूश झाले. तीन दिवस सगळं सुरळीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: रात्री २ वाजून २० मिनिटांचा धोक्याचा मेल मोबाइलवर दिसतोय, पण भोंगा वाजलाच नाही. कॉम्प्रेसर थोड्याच वेळात पुन्हा चालू झाला होता, म्हणून माल वाचला. मी लॉग उघडला. स्क्रिप्ट चालू, एरर एकही नाही, शेवटची नोंद रात्री ११ वाजून ५० मिनिटांची. त्यानंतर कधीतरी जोडणी मेली होती आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ताच नव्हता.

शीतगृहात इंटरनेट येतं ते मोबाइल सिमच्या राउटरवरून. अशा वाटेवर कंपनीची मधली यंत्रं चालू जोडण्यांची यादी ठेवतात आणि काही मिनिटं शांत राहिलेली जोडणी यादीतून काढून टाकतात. कोणालाही निरोप जात नाही. सर्व्हरने पाठवलेली वर्दी वाटेतच हरवते, आणि स्क्रिप्ट मेलेल्या लाइनला कान लावून बसते. लिनक्स अशा जोडणीची स्वतःहून चौकशी करू शकतो, पण मागितली तरच, आणि मूळ मांडणीत तीही दोन तासांच्या शांततेनंतर.

IDLE मधल्या शांततेचे दोन अर्थ होतात: मेल आलेला नाही, किंवा लाइन तुटली आहे. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. पोलिंगमध्ये हा घोळ नसतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर आलं नाही की लाइन गेल्याचं त्याला लगेच समजतं. वेग IDLE कडे आहे, पण खात्री पोलिंगकडे.

म्हणून दोन्ही एकत्र करावे लागले. IDLE दर २९ मिनिटांच्या आत मोडून पुन्हा सुरू करा, असं नियमावली सुचवते, कारण अर्धा तास गप्प राहणाऱ्याला सर्व्हर बाहेर काढू शकतो. बरेच जण हा २९ चा आकडा जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये घालतात. पण हा आकडा सर्व्हरच्या सहनशक्तीचा आहे. आपण बघायचं ते आपल्याला किती उशीर परवडतो. मालकांची मर्यादा एक मिनिट होती, म्हणून आता स्क्रिप्ट ४० सेकंद IDLE मध्ये थांबते, मग DONE पाठवते आणि उत्तराची दहा सेकंद वाट पाहते. उत्तर आलं नाही तर जोडणी टाकून नवं लॉगिन करते. एरवी भोंगा दोन सेकंदांत वाजतो, आणि लाइन मेली तरी ते मिनिटाच्या आत उघडकीला येतं.

घंटा वाजो न वाजो, बाहेर आल्यावर दर वेळी पेटी तपासायची, हाही नियम केला. तपासताना 'न वाचलेले मेल' शोधायचे नाहीत. मालकांनी तोच मेल आधी मोबाइलवर उघडला तर तो वाचलेला ठरतो आणि स्क्रिप्ट त्याला ओलांडून जाते. त्याऐवजी यूआयडीवर विसंबावं. पेटीतल्या प्रत्येक मेलला मिळणारा हा क्रमांक वाढतच जातो आणि पुन्हा वापरला जात नाही. शेवटचा पाहिलेला क्रमांक ९०५१ असेल तर स्क्रिप्ट तो फाइलमध्ये लिहून ठेवते आणि ९०५२ पासून पुढचे मागते. इथे एक खोच आहे: ९०५२ अजून आलेलाच नसेल, तरी या प्रश्नाला सर्व्हर पेटीतला शेवटचा मेल, म्हणजे ९०५१, परत देतो. आलेला क्रमांक खरंच मोठा आहे का, हे पाहिलं नाही तर जुन्याच मेलवर दर ४० सेकंदांनी भोंगा वाजेल. पेटीचा UIDVALIDITY हा आकडाही सोबत जपावा. तो बदलला तर जुने क्रमांक निरर्थक होतात.

IDLE एका जोडणीवर एकाच फोल्डरवर लक्ष ठेवतो. कंट्रोलरचा मेल स्पॅममध्ये गेला तर इनबॉक्सची घंटा वाजणार नाही. त्या पत्त्यासाठी फिल्टर आधीच लावून ठेवावा. आणि मेल सर्व्हरवरच उशिरा पोचला तर त्याला ना पोलिंग काही करू शकतं, ना IDLE. संशय आला तर मेलच्या हेडरमधली सगळ्यात वरची Received ओळ पाहावी आणि ती वेळ लॉगमधल्या वेळेशी ताडावी. दोन्हींत सेकंदांचा फरक असेल तर दोष स्क्रिप्टचा नाही.

तुमच्या कामाला पाच-दहा मिनिटांचा उशीर चालत असेल तर IDLE च्या वाटेला जाऊ नका, क्रॉनमधलं पोलिंग पुरेसं आहे. सेकंदांची घाई असेल तर IDLE घ्या. आणि तो बसवल्यावर राउटरमागची इंटरनेटची वायर उपटून बघा. स्क्रिप्टला तुमच्या मर्यादेच्या आत ते कळलं नाही, तर काम अजून झालेलं नाही.