सरासरी ३.८ दिवस, पण पार्सल आलं कधी?

पार्सल पोहोचायला लागणाऱ्या वेळेला खालून मर्यादा असते, वरून नसते. भिवंडीच्या गोदामातून निघालेलं पार्सल कितीही घाई केली तरी नागपूरला तासाभरात पोहोचणार नाही. उशीर मात्र कितीही होऊ शकतो. पत्ता अपुरा असतो, ग्राहक घरी सापडत नाही, एखादं पार्सल चुकीच्या थैलीत पडून भलत्याच शहरात जातं. असे मोजके रखडलेले नग सरासरी वर ओढतात.

समजा, या मार्गावर २० पार्सलं गेली. १२ पार्सलं २ दिवसांत पोहोचली, ५ तीन दिवसांत, एक चार दिवसांत; उरलेल्या दोघांना १५ आणि १८ दिवस लागले. एकूण ७६ दिवस, म्हणजे सरासरी ३.८. प्रत्यक्षात २० पैकी १७ ग्राहकांना पार्सल त्याआधीच मिळालं होतं आणि दोघांना कितीतरी नंतर.

हीच पार्सलं वेळेच्या चढत्या क्रमाने मांडली, तर दहावं आणि अकरावं, दोन्ही २ दिवसांची निघतात. म्हणून मध्यक २ दिवस. अठराव्या क्रमांकाशी ९० टक्के पार्सलं पूर्ण होतात, म्हणून ९०वा पर्सेंटाइल ४ दिवस. एकोणिसाव्याशी येणारा ९५वा थेट १५ दिवसांवर जातो. नेहमीचा ग्राहक किती थांबतो हे मध्यक सांगतो. तक्रारी कुठून येतात ते ९५वा सांगतो.

पुढच्या महिन्यात रखडलेली दोन्ही पार्सलं ५ दिवसांत पोहोचली, पण आधी २ दिवसांत जाणाऱ्या १२ पार्सलांना आता ३ दिवस लागले. बाकीच्यांत बदल नाही. सरासरी ३.२५ वर आली आणि अहवालात सुधारणा दिसली. मध्यक मात्र २ वरून ३ वर गेला: निम्म्याहून जास्त ग्राहकांची सेवा बिघडली होती. ९५वा पर्सेंटाइल १५ वरून ५ वर आला, हीही खरीच गोष्ट. सरासरीने दोन्ही बदल एका आकड्यात मिसळून टाकले.

खरी गफलत महिनाअखेरीस होते. पहिल्या महिन्याचा अहवाल रखडलेली दोन पार्सलं वाटेत असतानाच काढला, तर सरासरीत फक्त पोहोचलेली १८ धरली जातात आणि ती २.४ च्या आसपास येते. सर्वांत वाईट नग वगळल्यामुळे अहवाल देखणा होतो! मध्यकाला ही अडचण नाही. न पोहोचलेली पार्सलं रांगेच्या शेवटी ठेवली की पुरे. त्यांचे नेमके दिवस कळायची गरज नसते. ९५वा मात्र तेव्हा सांगता येत नाही आणि अहवालात तसं लिहिणंच प्रामाणिक.

पर्सेंटाइल वापरतानाही जपावं लागतं. भिवंडी आणि पुणे हबचे ९५वे पर्सेंटाइल बेरजेने अर्धे करून एकत्रित आकडा मिळत नाही. दोन्हीकडची पार्सलं एका रांगेत लावूनच तो काढावा लागतो. शिवाय २० पार्सलांत ९५वा एकाच नगावर टेकलेला असतो, त्यामुळे दर महिन्याला उड्या मारतो. तिथे तो न छापता रखडलेल्या पार्सलांची यादीच द्यावी.