पीई करू का? लायसन्स आणि सर्टिफिकेट यांतला फरक

अमेरिकेत पीएचडीला येऊ पाहणारे इंजिनिअर हमखास विचारतात, "पीई करून ठेवू का?" त्याआधी एक फरक समजून घेऊ. लायसन्स कायद्याने लागतं; ते नसताना ते काम करणं बेकायदेशीर. सर्टिफिकेट ऐच्छिक असतं.

डॉक्टरांचं बघा. रुग्णांवर उपचार करायला त्या राज्याचं लायसन्स हवंच. हृदयरोगातलं बोर्ड सर्टिफिकेशन मात्र कायद्याने सक्तीचं नाही. तरीही बरीच हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या ते मागतात, त्यामुळे ते टाळणं अवघड जातं.

इंजिनिअरिंगमध्ये नेमकं उलटं होतं. पीई हे राज्याचं लायसन्सच आहे, पण बहुतेक राज्यांत कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनावर काम करणाऱ्या इंजिनिअरला त्यातून सूट मिळते. म्हणजे पुलाच्या आराखड्यावर जबाबदारीची सही-शिक्का करायचा तर पीई लागतं. मोटार कंपनीत इंजिन डिझाइन करायला सहसा लागत नाही.

समजा, तुमची पीएचडी भूकंपरोधक इमारतींवर आहे आणि पुढे कन्सल्टिंग करायचंय. मग वाट अशी: आधी एफई परीक्षा, साधारण ४ वर्षांचा अनुभव आणि पीई परीक्षा. एफईत पदवीचेच विषय असतात, म्हणून ती लवकर दिलेली बरी. पीएचडीची वर्षं अनुभवात धरायची की नाही, हे प्रत्येक राज्याचं मंडळ ठरवतं. तेव्हा जिथे काम करायचंय, त्या राज्याचे नियम आधी वाचा.