ओठांचा चंबू, श्वासाला वाट

चुलीच्या धुरात तीस वर्षं घालवलेली बाई दोन जिने चढते आणि कठड्याला धरून उभी राहते. धाप लागलेली, ओठ मात्र शीळ घातल्यासारखे. बऱ्याच सीओपीडी रुग्णांना ही युक्ती कुणी न शिकवताच सापडते.

त्यांची खरी अडचण हवा आत घेण्याची नसते, ती बाहेर सोडण्याची असते. फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. भोवतालच्या लवचीक ऊती त्यांना ताणून उघड्या ठेवतात. या आजारात तो ताण सैल पडतो. मग जोर लावून श्वास सोडला, की बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा वाढतो, नळ्या मिटतात आणि हवा मागे अडकते. म्हणूनच जोर लावणं इथे घातक.

ओठ अरुंद केले की हवेला तोंडाशी अडथळा होतो. त्यामुळे नळ्यांच्या आत थोडा दाब टिकतो आणि त्या उशिरापर्यंत उघड्या राहतात. शिवाय श्वास संथ होतो. मिनिटाला तीस श्वास म्हणजे प्रत्येकाला जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात फुप्फुस रिकामं कसं होणार?

खांदे सैल सोडा. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या, चंबूतून चार अंक मोजत सोडा. मेणबत्तीची ज्योत हलावी, विझू नये, एवढाच झोत हवा. गाल फुगले किंवा पोट आवळलं, तर जोर जास्त होतोय.

सगळ्यांनाच याने सारखा आराम पडत नाही, आणि इनहेलर याने सुटत नाही. ओठ निळे पडले, गुंगी आली किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर थेट रुग्णालय गाठा.