चौथ्यापर्यंत एक चाल, पाचव्यापासून दुसरी

पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. या चार शब्दांना एकच प्रत्यय नाही. पाचपासून मात्र 'वा' लावला की काम होते: पाचवा, सातवा, दहावा. रोज तोंडात असणारे शब्द आपले जुने रूप सहसा सोडत नाहीत, म्हणून संस्कृत 'चतुर्थ' प्राकृतात 'चउत्थ' होऊन आपल्याकडे 'चौथा' म्हणून टिकला.

'वा' हा पंचम, सप्तम, अष्टम यांतल्या 'म'चा वारस. पण 'षष्ठ'मध्ये 'म' नाहीच. हिंदीने ते जुने रूप 'छठा'मध्ये जपले, मराठीने पाचव्या-सातव्याच्या रांगेत बसवून सरळ 'सहावा' केला. तरी षष्ठी आपल्या घरातून गेलेली नाही. बाळ जन्मल्यावर सहाव्या दिवशी जिची पूजा होते ती सटवी म्हणजे षष्ठीच.

पुढचे वळण एकोणीसवर येते. अकरा ते अठरा या संख्या 'आ'ने संपतात, म्हणून बारावा, अठरावा असा नुसता 'वा' पुरतो. एकोणीस, वीस, पन्नास, शंभर यांच्या शेवटी व्यंजनाचा उच्चार आहे. तिथे, पाचव्या-सातव्यात नसला तरी, 'वा'आधी 'आ' येतो आणि 'वीस'मधला दीर्घ 'वी' ऱ्हस्व होतो: एकोणिसावा, विसावा, पन्नासावा, शंभरावा. निमंत्रणपत्रिकेवर 'पंचवीसवा वाढदिवस' छापलेला दिसतो तेव्हा हेच दोन्ही बदल राहून गेलेले असतात, हवे 'पंचविसावा'. ऐंशी स्वरान्त असल्याने तिथे पुन्हा 'ऐंशीवा'.

पटीच्या शब्दांतही चारपर्यंतचेच घासलेले आहेत: दुप्पट, तिप्पट, चौपट. मग पाचपट, दहापट. दोनच्या घराण्यात प्रत्येकाचे काम मात्र वेगळे. पैसा दुप्पट होतो, दोन पदरांचा धागा दुहेरी असतो, पाऊस दडी मारतो तेव्हा पेरणी दुबार करावी लागते, आणि पाढ्यात बे दुणे चार असतात. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

खरा घोळ 'पटीने वाढ' या प्रयोगात होतो. समजा कांदा किलोला २० रुपयांवरून ६० रुपयांवर गेला. भाव तिप्पट झाला, यात शंका नाही. पण वाढ ४० रुपयांची, म्हणजे मूळ भावाच्या दुप्पट. बातमीत 'भाव तिपटीने वाढले' असे आले, तर कोणी ६० समजेल, आणि शब्दाला शब्द लावणारा २० अधिक ६० म्हणजे ८० समजेल. नुसत्या वाक्यावरून दोघांपैकी कोणालाच चूक ठरवता येत नाही. लिहिणाऱ्याने 'तिप्पट झाले' म्हणावे किंवा सरळ २० वरून ६० असे दोन्ही आकडे द्यावेत. वाचणाऱ्याने आधीचा भाव शोधावा. तो बातमीत नसेल, तर त्या 'पटी'वर हिशेब मांडू नये.